कोपऱ्यातली पट्टी आणि १०२ नंबरची शीट

*काका, नमस्कार. सिव्हिलचा डिप्लोमा करून दोन महिन्यांपूर्वी सांगलीत एका आर्किटेक्टकडे लागले. ऑटोकॅड चांगलं येतं. आता सरांनी एका बंगल्याचा वर्किंगचा पूर्ण सेट माझ्याकडे दिलाय. म्हणाले, ‘शीटवर लाव, टायटल ब्लॉक टाक, नंबर दे.’ जुन्या फाइली उघडून पाहिल्या तर प्रत्येकाचं वेगळंच. कुठे ‘शीट ३’, कुठे ‘ए-७’, आणि एका फाइलचं नाव चक्क ‘फायनल न्यू २’. बंगला १४ बाय ११ मीटरचा आहे, तळमजला आणि वर एक मजला. कागद कोणता घेऊ, पट्टीत काय लिहू आणि नंबर कसे देऊ? कॉलेजात टायटल ब्लॉक म्हणजे नाव, रोल नंबर आणि सबमिशनची तारीख एवढंच होतं.*

*– नवी ड्राफ्ट्समन, सांगली*

एक कोरा ए२ कागद घे आणि त्याची ए४ एवढी घडी कर, खालचा उजवा कोपरा सगळ्यांत वर राहील अशी. आता ती घडी सुपरवायझरच्या फाइलमध्ये इतर चौदा घड्यांबरोबर ठेवली आहे असं समज. साइटवर सिमेंटच्या गोणीवर बसून तो फाइल चाळतो तेव्हा त्याला तेवढा कोपराच दिसतो. हवी ती शीट सापडली की नाही, आणि सापडली ती ताजी की मागच्या महिन्यातली, हे त्याला घडी न उलगडता कळलं पाहिजे. टायटल ब्लॉक खाली उजवीकडे असतो तो याच कारणाने. त्याची रुंदीही घडीवरूनच आली आहे. ए४ची रुंदी २१० मिलिमीटर. डावीकडे फाइलिंगसाठी २० सोडले, उजवीकडे १० सोडले की उरतात १८०. आयएसओ ७२०० या मानकात टायटल ब्लॉकची रुंदी बरोबर १८० दिली आहे.

आपल्याकडच्या बहुतेक आर्किटेक्टच्या ऑफिसांत मात्र आडव्या चौकटीऐवजी उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत उभी पट्टी असते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. टिपा, छोटा की-प्लॅन, उत्तर दिशा आणि बदलांचा तक्ता त्या पट्टीत छान बसतात. अट एकच, ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन पट्टीच्या अगदी तळाला हवेत. काही ऑफिसांत तळाला फर्मचा मोठा लोगो बसवतात आणि नंबर पट्टीच्या मध्यावर कुठेतरी बारीक अक्षरात. घडी घातली की वर दिसतो लोगो. कोणाचं ड्रॉइंग आहे ते साइटवर सगळ्यांना माहीतच असतं, कोणतं आहे ते कळायला मात्र घडी उलगडावी लागते.

आता कागद. ए मालिकेचं गणित तुला शिकवलं असेल, पण त्याचा उपयोग कुणी सांगितला नसेल. ए० म्हणजे ८४१ × ११८९, क्षेत्रफळ एक चौरस मीटर. लांब बाजू मधोमध कापली की ए१, तो कापला की ए२, म्हणजे ४२० × ५९४. दर वेळी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, १.४१४. जर्मनीत १९२२ साली हे माप डीआयएन ४७६ म्हणून ठरलं, तिथून ते जगभर गेलं. आपल्या कामाच्या दृष्टीने त्यातून निघणारी गोष्ट अशी: एक पायरी खाली उतरलं की प्रत्येक लांबी सुमारे ०.७१ पट होते आणि दोन पायऱ्या उतरलं की बरोबर निम्मी. ए२वरचं १:५० ए४वर १:१०० होतं. ए३वर मात्र ते १:७०.७ होतं, आणि त्या मापाची स्केलपट्टी कोणत्याच दुकानात मिळत नाही. यावर पुढे येतो, कारण खरा घात तिथेच होतो.

कागद आधी आणि स्केल मग असं नसतं. आधी ठरवायचं की वाचणाऱ्याला काय दिसलं पाहिजे. तुझा बंगला १:१०० ने काढलास तर तो १४० × ११० मिलिमीटरचा होईल आणि ए४वरही मावेल. पण नऊ इंची भिंत, म्हणजे २३० मिलिमीटर, कागदावर २.३ मिलिमीटरची झाली. साडेचार इंची तर एका मिलिमीटरच्या जराशी वर. त्यात चौकट कुठून सुरू होते, कोपऱ्यात किती सोडलंय, काही दाखवता येत नाही. मंजुरीच्या नकाशाला ते चालतं, गवंड्याला चालत नाही. वर्किंग प्लॅन १:५० लाच हवा. मग बंगला २८० × २२० मिलिमीटरचा होतो.

नवशिके इथेच फसतात. २८० × २२० ए३मध्ये बसतं की, असं म्हणून मोकळे होतात. पण बाहेरच्या मापांच्या ओळी कुठे जाणार? प्रत्येक बाजूला तीन ओळी येतात: खिडक्या-दारांची, भिंतींची आणि एकूण मापाची. पहिली भिंतीपासून पंधरा मिलिमीटरवर, पुढच्या दहा-दहावर, आणि त्यापलीकडे ग्रिडचे गोल. बाजूला ६० धरले तर प्लॅनला ४०० × ३४० लागतात. ए३मधून बॉर्डर वजा केली की आत ३९० × २७७ उरतात, आणि टायटल ब्लॉक अजून टाकलेलाच नाही. ए२मध्ये डावीकडे २० आणि बाकी तिन्हीकडे १० सोडून आत ५६४ × ४०० मिळतात. उजवीकडे १०० मिलिमीटरची पट्टी टाकलीस तरी ४६४ × ४०० शिल्लक राहतात. प्लॅन ऐसपैस बसतो, खाली शीर्षकालाही जागा राहते. म्हणजे ए२.

आणि मग सगळा सेट ए२च. उंची आठ मीटर धरली तर १:५० ला एलेव्हेशन १६० मिलिमीटर उंच होतं, म्हणजे एका शीटवर वर-खाली दोन बसतात. जिना, बाथरूम १:२० ला घे, तेही बसतं. एका शीटसाठी ए१ आणि डिटेलसाठी ए४ असं करू नकोस. फाइलमध्ये लहान कागद मोठ्या घड्यांमध्ये दडून बसतो आणि नेमका लागतो तेव्हा सापडत नाही. ऑटोकॅडमध्ये कागदाच्या यादीत आर्क डी नावाचं मापही दिसेल. ते अमेरिकन २४ × ३६ इंचांचं आहे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. त्याचं १.४१४ शी नातं नाही, त्यामुळे ए मालिकेच्या कागदावर ते कधीच नीट उतरत नाही.

आता तो घात. मी उमेदवारी करत होतो त्या ऑफिसात ए३चा प्रिंटर होता आणि ए२चे प्लॉट बाहेरून काढून आणावे लागत. एकदा सुताराला घाईने प्रिंट हवी होती. मी ए२ची शीट ‘फिट टू पेपर’ करून ए३वर काढली आणि दिली. पट्टीत स्केल लिहिलं होतं १:५०. एका खिडकीचं माप टाकायचं माझ्याकडून राहिलं होतं. सुतार हुशार, त्याने स्केलपट्टी लावली. कागदावर खिडकी भरली एकवीस मिलिमीटर, गुणिले पन्नास, म्हणजे हजार-साठच्या आसपास. साडेतीन फुटी खिडकी! त्याने चौकट केली साडेतीन फुटी. खिडकी होती १५०० मिलिमीटरची, पाच फुटी.

यात लक्षात घे की ती प्रिंट ए४वर असती तर खिडकी अडीच फुटी भरली असती आणि दिवाणखान्याला अडीच फुटी खिडकी पाहून सुताराने फोन केला असता. निम्म्याची चूक ओरडून सांगते. ०.७१ची चूक गप्प बसते, कारण साडेतीन फुटी खिडकीही जगात असते.

त्यावर तीन गोष्टी करायच्या. पट्टीत नुसतं १:५० लिहायचं नाही, ‘१:५० (ए२)’ असं लिहायचं, म्हणजे हातात ए३ असलेल्याला निदान शंका येईल. पट्टीच्या तळाशी १०० मिलिमीटरची रेघ काढायची, दर दहावर खूण करून. तिच्यावर कुणीही साधी फूटपट्टी ठेवावी. १०० भरली नाही तर प्रिंट स्केलवर नाही. तू स्वतः प्लॉटरवाल्याकडून शीट घेताना दुकानातच ती मोजून घे, कारण तिथला मुलगाही कधीकधी कागदात बसवायला म्हणून दोन-तीन टक्के आक्रसतो आणि तेवढं डोळ्याला कळत नाही. आणि तिसरं, ‘लिहिलेली मापंच धरावीत, कागदावर मोजू नये’ ही ओळ टाक. ही ओळ सगळेच टाकतात. पण ती टाकली म्हणजे सगळी मापं लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर आली, हे मात्र त्या सुताराच्या वेळी मला कळलं.

ऑटोकॅडचं थोडक्यात सांगतो, तुला येतंच. टायटल ब्लॉक मॉडेलमध्ये पन्नास पटीने मोठा करून ठेवू नकोस. तो लेआउटमध्ये खऱ्या मापाचा, म्हणजे ५९४ × ४२० चा, आणि आत व्ह्यूपोर्ट. मिलिमीटरमध्ये काढलं असशील तर व्ह्यूपोर्टच्या आत जाऊन:

```
ZOOM
1/50XP
```

मग व्ह्यूपोर्ट लॉक कर आणि प्लॉट १:१ ने दे. पट्टीत नंबर, शीर्षक, स्केल, तारीख, रिव्हिजन अशा बदलणाऱ्या जागा `ATTDEF` ने कर, म्हणजे चौदा शीटवर अक्षराची उंची आणि जागा तीच राहते. एक सापळा तारखेचा आहे. तारखेला आपोआप बदलणारं फील्ड लावायचा मोह होतो. `PlotDate` लावलंस तर मार्चमध्ये दिलेलं ड्रॉइंग जूनमध्ये पुन्हा प्लॉट केल्यावर जूनची तारीख दाखवेल. दोन सारख्याच शीट, दोन तारखा, आणि साइटवर वाद. तारीख हाताने टाइप कर, आणि ती शीट ज्या दिवशी बाहेर दिली त्या दिवसाची टाक.

पट्टीत काय असावं हे तुला जुन्या शीट पाहून कळेल: प्रकल्प, मालक, आर्किटेक्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक, काढणाऱ्याची-तपासणाऱ्याची आद्याक्षरं. त्यावर वेळ घालवत नाही. दोन जागा मात्र बहुतेक पट्ट्यांत कच्च्या असतात. एक शीर्षक. ‘प्लॅन’ किंवा ‘डिटेल्स’ एवढं लिहिलं की ते कुणाच्याच कामाचं नाही. ‘तळमजला – बांधकाम प्लॅन’ लिही, कारण त्याच मजल्याचा फरशीचा प्लॅन आणि इलेक्ट्रिकचा प्लॅनही येणार आहे. दुसरी जागा म्हणजे शीट कशासाठी दिली आहे ते: चर्चेसाठी, टेंडरसाठी की बांधकामासाठी. ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’, आपल्या भाषेत जीएफसी, हा शेरा नसलेल्या शीटवर कुणी वीट लावू नये. मालकाला दाखवायला दिलेल्या प्रिंटवरून कॉन्ट्रॅक्टरने पाया आखल्याची उदाहरणं प्रत्येक ऑफिसात आहेत.

आता नंबर. तुझ्या पत्रातला हा प्रश्न शेवटचा होता, पण काम तिथूनच सुरू कर. शीट लावायच्या आधी कागदावर यादी कर आणि सरांना दाखव. यादीशिवाय नंबर द्यायला बसलं की ‘१, २, ३’ होतं, आणि त्यात काय होतं ते मी भोगलं आहे.

दुसऱ्या एका ऑफिसात आम्ही असेच ओळीने नंबर देत असू. एका घराचा बारा शीटचा सेट होता, बाथरूमची शीट ९ नंबरची. साइट सुरू झाल्यावर जिन्याचं डिटेल नव्याने काढावं लागलं. जिना प्लॅननंतर शोभतो म्हणून मी ते ७ नंबरला घातलं आणि पुढचे सगळे एकेक सरकवले. बाथरूम १० झालं, सेक्शन ९ वर आलं. त्याच फेरीत बाथरूमचा संकनही, म्हणजे तिथला स्लॅब जितका खाली घ्यायचा ते मापही, २०० चा ३०० झालं होतं. मी अख्खा सेट नव्याने पाठवला आणि निर्धास्त झालो.

पण आरसीसी कन्सल्टंटच्या स्लॅबच्या ड्रॉइंगवर टीप होती: ‘संकनसाठी आर्किटेक्टचं ड्रॉइंग ९ पाहावं.’ त्यांना नंबर सरकल्याचं कुणी कळवलं नव्हतं. सुपरवायझरने नवीन ९ उघडलं. ते सेक्शन, आणि कापाची रेघ बाथरूममधून जातच नव्हती. मग त्याने जुन्या गठ्ठ्यातून जुनं ९ काढलं. त्यावर बाथरूम होतं, संकनही लिहिला होता, २००. त्याच्या दृष्टीने टीप आणि शीट जुळली. स्लॅब पडला. पुढे बाथरूमची फरशी दारात चार इंच वर चढवावी लागली आणि त्या घरातले लोक अजून तिथे पाय उचलून आत जात असतील. सुपरवायझरची चूक मी कधी धरली नाही. एकाच नंबरची दोन वेगळी ड्रॉइंगं मी जगात आणली होती.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. नंबर एकदा बाहेर गेला की तो त्या ड्रॉइंगचा कायमचा. ड्रॉइंग बदललं तरी नंबर तोच राहतो, बदलतं ते रिव्हिजन. ड्रॉइंग रद्द झालं तर यादीत त्या नंबरापुढे ‘रद्द’ लिहायचं आणि तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही.

हे पाळायचं तर नंबरांमध्ये आधीच जागा सोडावी लागते. अमेरिकेच्या नॅशनल कॅड स्टँडर्डमध्ये यासाठी सोपी सोय आहे: पहिला अंक ड्रॉइंगचा प्रकार सांगतो. ० म्हणजे यादी आणि सर्वसाधारण टिपा, १ प्लॅन, २ एलेव्हेशन, ३ सेक्शन, ४ मोठ्या स्केलचे भाग, ५ डिटेल, ६ तक्ते. आपल्याकडे अनेक ऑफिसं कळत-नकळत हेच वापरतात. त्याच्या आधी शाखेची दोन अक्षरं आणि कामाचा नंबर. कामाचा नंबर तुमच्या रजिस्टरमधला घे. मी इथे २०२४ मधलं अकरावं काम म्हणून 2411 धरलाय. तुझ्या बंगल्याची यादी साधारण अशी होईल:

```
2411-AR-001  ड्रॉइंगची यादी, सर्वसाधारण टिपा
2411-AR-101  सेंटरलाइन प्लॅन
2411-AR-102  तळमजला - बांधकाम प्लॅन
2411-AR-103  पहिला मजला - बांधकाम प्लॅन
2411-AR-104  गच्ची प्लॅन
2411-AR-111  तळमजला - फरशी प्लॅन
2411-AR-112  पहिला मजला - फरशी प्लॅन
2411-AR-201  एलेव्हेशन - पूर्व, उत्तर
2411-AR-202  एलेव्हेशन - पश्चिम, दक्षिण
2411-AR-301  सेक्शन अ-अ, ब-ब
2411-AR-401  जिना
2411-AR-402  बाथरूम - तळमजला
2411-AR-403  बाथरूम - पहिला मजला
2411-AR-601  दार-खिडकी तक्ता
```

चौदा शीट झाल्या, आणि मध्ये भरपूर जागा आहे. उद्या स्वयंपाकघराचा ओटा काढावा लागला तर तो 404, कुणाला सरकावं लागत नाही. 501 सध्या रिकामा आहे. तो रिकामाच राहू दे, नंबर सलग नसले तर काही बिघडत नाही. ‘पाच कुठे गेलं?’ असं कुणी विचारलंच तर 001 दाखव. आरसीसीवाले आपले नंबर ST ने देतील, प्लंबिंगवाला PL ने, त्यामुळे 102 दोघांकडे असला तरी गोंधळ होत नाही. फोनवर बोलताना मात्र ‘एआर एकशे दोन’ असं पूर्ण म्हणायची सवय लाव.

नंबरात याहून जास्त काही कोंबू नकोस. मजला, स्केल, काढणाऱ्याचं नाव, तारीख असं सगळं नंबरात घालणारी ऑफिसं मी पाहिली आहेत. मजल्याचं नाव किंवा स्केल बदललं की मग नंबर खोटा ठरतो. रिव्हिजनही नंबराचा भाग धरायचं नाही. पट्टीत त्याला शेजारी वेगळी चौकट हवी.

नंबर कायम का हवा याचं आणखी एक कारण शीटच्या आतच असतं. प्लॅनवर जिन्यापाशी तू एक गोल काढशील, मधोमध आडवी रेघ, वर २ आणि खाली 401. त्याचा अर्थ, याचं डिटेल 401 शीटवरच्या २ नंबरच्या चित्रात आहे. असे गोल पूर्ण सेटमध्ये तीस-चाळीस सहज होतात, शिवाय दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवरच्या टिपा वेगळ्या. सेट बाहेर देण्याआधी हे सगळे गोल एकदा बोट ठेवून तपास. 001 पासून सुरू कर, प्रत्येक गोलात लिहिलेली शीट उघड, आणि त्या शीटवर तो आकडा खरंच आहे का ते बघ. ज्या शीटकडे एकही गोल बोट दाखवत नाही ती शीट साइटवर कुणी उघडणार नाही, असं समज.

आता रिव्हिजन तुझ्याच बंगल्यावर करून पाहू. सगळा सेट जीएफसी म्हणून R0 ने गेला. आठ दिवसांनी मालकीणबाई आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या खोलीची डब्ल्यू३ खिडकी १५०० ऐवजी १८०० करा. कोणत्या शीट बदलतील? 102, कारण तो प्लॅन. 201, कारण खिडकी पूर्वेला आहे. 601, कारण तक्त्यात माप आहे. सेक्शनची रेघ त्या खिडकीतून जात नसेल तर 301 तशीच राहते. या तीन शीट R1 होतात, बाकीच्या दहा R0 च राहतात, आणि चौदावी, म्हणजे 001, हीही R1 होते, कारण तिच्यात प्रत्येक शीटचं चालू रिव्हिजन लिहिलेलं असतं. नवी मुलं इथे अख्खा सेट R1 करून पाठवतात. मग साइटवरचा माणूस चौदा शीट समोर पसरून बदल शोधत बसतो, आणि कंटाळून शोधायचं सोडून देतो.

प्रत्येक बदललेल्या शीटवर बदल झालेल्या जागेभोवती ढग काढ (`REVCLOUD`), शेजारी छोट्या त्रिकोणात १ लिही, आणि पट्टीतल्या तक्त्यात तारखेसह एक ओळ. ही ओळ बरी लिहायला शीक. ‘मालकांच्या सूचनेनुसार बदल’ ही ओळ मी हजार वेळा वाचली आहे आणि त्यातून काहीही कळत नाही. ‘डब्ल्यू३ रुंदी १५०० ऐवजी १८००’ लिही, म्हणजे सुताराला ढग शोधायचीही गरज पडत नाही. पुढे R2 आलं की R1चे ढग पुसायचे, तक्त्यातली ओळ मात्र ठेवायची. आणि खिडकी तीनशेने वाढली म्हणजे वरचा लिंटल वाढला, तेव्हा आरसीसीवाल्यांना त्याच दिवशी कळव. त्यांचं ड्रॉइंग तू बदलायचं नसतं.

फाइलचं नाव आता आपोआप ठरतं. डीडब्ल्यूजीला नुसता नंबर, `2411-AR-102.dwg`, आणि बाहेर जाणाऱ्या पीडीएफला रिव्हिजनसह, `2411-AR-102-R1.pdf`. जुन्या रिव्हिजनच्या पीडीएफ पुसू नकोस, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव. साइटवर अमुक दिवशी काय होतं हे कधीतरी दाखवावं लागतं. ‘फायनल’ हा शब्द मात्र कुठेच नको.

मंजुरीसाठी महापालिकेत जाणारा नकाशा या सेटमध्ये मिसळू नकोस. त्याचा नमुना, क्षेत्रफळाचे तक्ते आणि सह्या-शिक्क्यांची जागा त्यांनी ठरवलेली असते, आपली पट्टी तिथे चालत नाही. त्याला वेगळी मालिका दे, SD म्हण हवं तर, आणि साइटवर त्याची प्रत लागली तर ती फाइलच्या वेगळ्या कप्प्यात.

राहिला जुन्या प्रिंटचा प्रश्न. R1 पाठवताना सोबत एक पावती दे: कोणत्या शीट, कोणतं रिव्हिजन, किती प्रती, कोणाला, आणि घेणाऱ्याची सही. त्याच वेळी R0च्या प्रती परत माग. बहुतेकदा त्या मिळत नाहीत. एक प्रत सुताराकडे असते, एक मालकांच्या गाडीत, एक कुणीतरी डबा खायला अंथरलेली. त्यामुळे मी साइटवर गेलो की जुनी शीट दिसेल तिथे तिचा खालचा उजवा कोपरा फाडून खिशात घालतो. उरलेल्या कागदावर खुशाल डबा खावा. कोपरा नाही, नंबर नाही, म्हणजे ते ड्रॉइंग नाही, हे आमच्या साइटवरच्या पोरांनाही आता पाठ आहे.